उभ्या अक्षावर काय लिहिले आहे

गड्ड्याची जत्रा उलगडली आणि आमच्या शेजारच्या अण्णांनी जिममध्ये नाव घातले. अण्णांचा चादरींचा व्यापार. दिवसभर गादीवर बसून हिशेब पाहणे आणि संध्याकाळी माल लावून देणे, एवढीच त्यांची हालचाल. वय 54, वजन 80 किलो, आणि स्वभाव असा की एकदा पैसे भरले की ते वसूल झालेच पाहिजेत. त्यामुळे जानेवारीपासून एप्रिल अखेरपर्यंत, रविवार सोडला तर, त्यांचा एकही दिवस चुकला नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ते माझ्याकडे आले ते मात्र तक्रार घेऊनच. साडेतीन महिने ट्रेडमिलवर रोज 40 मिनिटे चालूनही वजनाचा काटा जिथल्या तिथे होता.

‘सर, मी एकदासुद्धा हिरव्या पट्ट्याच्या बाहेर गेलो नाही,’ ते म्हणाले. ‘ठोके 116 च्या वर गेले की मी लगेच वेग कमी करतो.’

हा हिरवा पट्टा म्हणजे ट्रेडमिलच्या पॅनेलवर काढलेला ‘फॅट बर्न झोन’. त्याच्या वरच्या बाजूला पिवळा आणि लाल पट्टा असतो. वय टाकले की यंत्र 220 मधून ते वजा करते आणि जे उत्तर येते त्याच्या साधारण 60 ते 70 टक्क्यांमध्ये नाडी राहिली की शरीर चरबी जाळते, असे सांगते. अण्णांसाठी ते आकडे 100 ते 116 असे निघत होते. त्यांनी त्या पट्ट्याचा अर्थ सरळ लावला होता, की आत असेपर्यंत चरबी जळते आणि बाहेर गेले की जळायची थांबते. मग घाई करून बाहेर कशाला जायचे?

अण्णांची ही समजूत ऐकताना मला थोडे अपराधी वाटले, याचे कारण सांगायला हवे. मी बरीच वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवले. व्यायाम आणि इंधन हा धडा आला की मी फळ्यावर एक आकृती काढत असे. आडव्या अक्षावर व्यायामाची तीव्रता, उभ्या अक्षावर टक्के. चरबीची रेघ डावीकडून उजवीकडे उतरत जाते, पिष्टमय पदार्थांची रेघ चढत जाते आणि मध्ये कुठेतरी दोन्ही एकमेकींना छेदतात. आकृती बरोबर होती आणि आजही बरोबरच आहे. जॉर्ज ब्रूक्स आणि जॅक मर्सिए यांनी 1994 मध्ये या छेदनबिंदूभोवतीच आपली मांडणी केली. पण ही आकृती पाहून अर्धा वर्ग ‘हळू चालले की जास्त चरबी जळते’ असे वहीत लिहून घेत असे, आणि मी ते वाचून खाली बरोबरची खूण करत असे. उभ्या अक्षावर ‘टक्के’ लिहिले आहे, ‘ग्रॅम’ नव्हे, हे मी मोठ्याने कधी म्हटले नाही.

ही टक्केवारी मुळात येते कुठून, ते आधी पाहू. आमच्या प्रयोगशाळेत डग्लस पिशवी होती. रबर लावलेल्या कापडाची, उशीच्या अभ्र्यापेक्षा बरीच मोठी. विद्यार्थ्याला सायकलवर बसवायचे, नाकाला चिमटा लावायचा आणि तोंडातल्या झडपेतून बाहेर पडणारा श्वास ठरावीक मिनिटे त्या पिशवीत साठवायचा. मग पिशवीतली हवा मोजायची, त्यात ऑक्सिजन किती उरला आणि कार्बन डायऑक्साइड किती आला ते पाहायचे. साखर जळते तेव्हा वापरलेल्या प्रत्येक 6 रेणू ऑक्सिजनमागे 6 रेणू कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे गुणोत्तर 1. चरबीच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन फार थोडा असल्यामुळे तिला बाहेरून जास्त लागतो; पामिटिक आम्लासाठी 23 रेणू ऑक्सिजन खर्चून 16 रेणू कार्बन डायऑक्साइड मिळतो आणि गुणोत्तर 0.70 च्या आसपास उतरते. या दोन टोकांच्या मध्ये आकडा कुठे पडला, यावरून मिश्रण काढता येते. 0.82 आले तर सुमारे 60 टक्के ऊर्जा चरबीतून, 0.88 आले तर सुमारे 39 टक्के. प्रथिनांचा वाटा थोडा असतो, तो या हिशेबात सोडून देतात.

या हिशेबाची एक मर्यादा विद्यार्थी हमखास विसरत. दम लागेपर्यंत पॅडल मारले की रक्तातले आम्ल आवरताना बायकार्बोनेटमधून जादा कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि गुणोत्तर 1 च्याही वर जाते. तो आकडा इंधनाबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून मिश्रणाचा हिशेब संथ, स्थिर चालीवरच करायचा. काही मिनिटे श्वास एका लयीत आल्यावर पिशवी उघडायची, आधी नाही.

आता अण्णांकडे वळू. अण्णांना पिशवी लावलेली नव्हती, तेव्हा त्यांचे नेमके गुणोत्तर मला ठाऊक नाही. पण चालण्याला किती ऑक्सिजन लागतो याचे जुने, वापरून घासलेले सूत्र आहे आणि गुणोत्तराचा सर्वसाधारण अंदाजही बांधता येतो. त्यांच्याच पावती पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर मी हिशेब मांडला. सपाट पट्ट्यावर ताशी 5 किलोमीटरने चालताना 80 किलोच्या माणसाला मिनिटाला साधारण 0.95 लिटर ऑक्सिजन लागतो. गुणोत्तर 0.82 धरले तर मिनिटाला 4.6 कॅलरी होतात (ज्याला शास्त्रात किलोकॅलरी म्हणतात, त्याला आपण बोलताना कॅलरीच म्हणतो), म्हणजे 40 मिनिटांत सुमारे 183. त्यातला 60 टक्के वाटा चरबीचा, म्हणजे 109 कॅलरी. चरबीच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी, तेव्हा जळली 12 ग्रॅम.

‘आणि चढ लावला तर?’ अण्णांनी विचारले. सोलापूर हे सपाट गाव. आपल्याकडे चढ हवा असेल तर रेल्वेवरचा पूल गाठावा लागतो. ट्रेडमिलवर मात्र बटण दाबले की चढ मिळतो. वेग तोच ठेवून चढ 5 टक्के केला, तर ऑक्सिजनचा खर्च मिनिटाला 1.55 लिटरपर्यंत जातो. नाडी वर जाईल, अण्णा हिरव्या पट्ट्यातून बाहेर पडतील आणि गुणोत्तर समजा 0.88 होईल. आता मिनिटाला 7.6 कॅलरी, 40 मिनिटांत 303. चरबीचा वाटा 60 वरून 39 टक्क्यांवर घसरला. पण 303 चे 39 टक्के म्हणजे 118 कॅलरी, म्हणजे 13 ग्रॅम चरबी.

अण्णांनी दोन्ही बेरजा बोट ठेवून पुन्हा तपासल्या. मग त्यांच्याच धंद्यातला हिशेब त्यांनी मला सांगितला, तो मी इथे देतो, कारण माझ्या वर्गातल्या कुठल्याही उदाहरणापेक्षा तो नेमका आहे. किरकोळ गिऱ्हाइकाला एक चादर विकली की टक्का मोठा सुटतो, ठोक माल दिला की टक्का लहान. पण संध्याकाळी गल्ल्यात टक्के मोजत नाहीत, रुपये मोजतात.

टक्क्यांचा हा भ्रम शेवटपर्यंत नेला तर गंमतच होते. उपाशीपोटी स्वस्थ पडून राहिलेल्या माणसाचे गुणोत्तर 0.78 च्या आसपास असू शकते, म्हणजे त्याच्या खर्चातला तीन चतुर्थांश वाटा चरबीचा. हिरव्या पट्ट्यापेक्षा हा टक्का वरचढ आहे. पण तो अण्णांच्या वजनाच्या माणसाच्या मिनिटाला जेमतेम 1.3 कॅलरीचा तीन चतुर्थांश. 40 मिनिटे पलंगावर पडून 4 ग्रॅमच्या थोडी वर चरबी जळते. पट्ट्याचे तत्त्व तंतोतंत पाळायचे असेल तर ट्रेडमिलपेक्षा पलंग चांगला.

याच ओघात पॅनेलची आणखी एक लपलेली गोष्ट सांगतो. त्यावर दिसणाऱ्या कॅलरीत, अण्णा नुसते खुर्चीवर बसले असते तरी खर्च झालेल्या कॅलरीही मोजलेल्या असतात. 40 मिनिटांच्या त्या 54 वजा केल्या तर सपाट चालण्याचा निव्वळ खर्च 129 आणि चढाचा 249 उरतो. तेवढ्याच वेळात जवळजवळ दुप्पट.

तरीही हिरवा पट्टा ही शुद्ध थाप आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि हल्ली तसे म्हणणारेही पुष्कळ आहेत. टक्क्यांऐवजी ग्रॅम मोजले तरी एक शिखर खरोखर असते. गॅल्व्हेस्टन येथे योहानेस रोमाइन आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये सरावलेल्या सायकलपटूंना त्यांच्या कमाल क्षमतेच्या 25, 65 आणि 85 टक्क्यांवर पॅडल मारायला लावले आणि खुणेचे रेणू रक्तात सोडून कुठली चरबी कुठून येते ते पाहिले. 25 टक्क्यांवर जवळजवळ सगळी चरबी रक्तातून, म्हणजे मुळात त्वचेखालच्या साठ्यातून येत होती. 65 टक्क्यांवर स्नायूंच्या आतल्या थेंबांचीही भर पडली आणि एकूण चरबी सर्वांत जास्त जळली. 85 टक्क्यांवर ती पुन्हा खाली आली. पुढे बर्मिंगहॅममध्ये याच शिखराला ‘फॅटमॅक्स’ असे नाव देऊन ते मोजायची पद्धत बसवली गेली आणि 2005 मध्ये 300 स्त्री-पुरुषांवर केलेल्या मोजणीत ते सरासरीने कमाल क्षमतेच्या 48 टक्क्यांवर, म्हणजे कमाल नाडीच्या सुमारे 61 टक्क्यांवर आढळले. अण्णांच्या पट्ट्याची खालची कड हीच. पट्टा काढणाऱ्याने आकडा हवेतून आणलेला नाही. फक्त सरासरी ही तीनशे जणांची होती, आणि माणसामाणसांत फरक एवढा असतो की तुमचे शिखर नेमके तिथेच असेल याची हमी ती सरासरी देत नाही.

शिखरापलीकडे चरबी मागे का पडते, हा मला नेहमीच या विषयातला सर्वांत देखणा भाग वाटत आला आहे. ऑक्सिजन संपतो म्हणून, असे सोपे उत्तर देतात. ते पुरते नाही. जोर वाढला की ॲड्रेनलिन वाढते, स्नायूतले ग्लायकोजेन भराभर फुटते आणि त्यातून ॲसिटिल गटांची गर्दी होते. इकडे लांब साखळीच्या चरबीला मायटोकाँड्रियाच्या आत न्यायला कार्निटिन नावाचा वाहक लागतो. आपल्या बाजार समितीत कांद्याच्या गाड्यांची रांग लागली आणि सगळे हमाल आधीच एका व्यापाऱ्याच्या पोत्यांना लागले, की दुसऱ्याच्या पोत्यांना हात मोकळा राहत नाही. तसे जादा ॲसिटिल गट कार्निटिनला जाऊन चिकटतात आणि चरबीसाठी मोकळे कार्निटिन कमी पडते. माल दारात असून आत जात नाही. त्यात भर म्हणजे जोरदार व्यायामात रक्त स्नायूंकडे वळल्याने चरबीच्या साठ्यातून सुटणारा पुरवठाही कमी होतो. आणि प्रत्येक लिटर ऑक्सिजनमागे साखर 5.05 कॅलरी देते तर चरबी 4.69, तेव्हा श्वास अपुरा पडू लागला की साखरेकडे झुकणे हा शरीराचा शहाणपणाच आहे.

अण्णांचे वजन का उतरले नाही, हा प्रश्न मात्र अजून बाकी होता, आणि तो निव्वळ पट्ट्याच्या माथी मारता येणार नव्हता. मी एक दिवस त्यांच्याबरोबर जिममध्ये गेलो. सकाळचे साडेआठ, पत्र्याचे छत, दोन पंखे, आणि त्यातला एक फिरत असल्याचे नुसते दिसत होते. पट्ट्यावर पाय ठेवून 15 मिनिटे होतात न होतात तोच त्यांचा सदरा पाठीला चिकटला आणि पॅनेलवर 117 आले. अण्णांनी लगेच बोटाने वेग खाली आणला, 4 किलोमीटर. मग लक्षात आले की मार्चपासून ते रोज हेच करत होते. उकाड्यात रक्त कातडीकडे वळते, घामाने रक्तातले पाणी घटते, प्रत्येक ठोक्यात कमी रक्त ढकलले जाते आणि ती तूट हृदय ठोके वाढवून भरून काढते. पाय तेवढेच काम करत असतात, ऑक्सिजनचा खर्च फारसा बदललेला नसतो, नाडी तेवढी वर चढते. सोलापूरचा एप्रिल अण्णांच्या नाडीत मिसळला होता आणि यंत्र त्याला जादा व्यायाम समजत होते.

त्यात 220 वजा वय हे सूत्रच मुळात ढोबळ आहे. 1971 च्या एका लेखातल्या आकृतीवरून ते पसरले, आणि एकाच वयाच्या माणसांची खरी कमाल नाडी त्या आकड्यापासून 10-12 ठोक्यांनी इकडेतिकडे असणे ही अगदी रोजची गोष्ट आहे. अण्णांची खरी कमाल 178 असली तर त्यांचा पट्टा 125 पर्यंत जातो. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असलेल्यांच्या बाबतीत तर सूत्राला अर्थच राहत नाही, कारण ती गोळी नाडीलाच वेसण घालते. अशांनी पट्ट्यातला आकडा गाठायचा म्हणून जोर काढणे धोक्याचे आहे. वाक्य पुरे बोलता येते की मध्ये श्वास घ्यावा लागतो, ही जुनी परीक्षा त्यापेक्षा बरी.

ताशी 4 किलोमीटरचा निव्वळ खर्च 40 मिनिटांत 103 कॅलरीच्या आसपास भरतो. आणि जिमहून परतल्यावर अण्णा काय खात, हे मला त्यांच्या सूनबाईंनी हसत सांगितले. व्यायाम झाला म्हणून कडक भाकरीवर रोजच्यापेक्षा दोन चमचे शेंगा चटणी जास्त. 20 ग्रॅम शेंगदाण्यात 113 कॅलरी असतात. जमा-खर्च तिथेच मिटत होता, आणि तो पुरेपूर मिटत होता म्हणूनच काटा इतका स्थिर होता. (शेंगा चटणीला दोष देणे मला सोलापुरात राहून शक्य नाही. ती तशीच चालू आहे.)

‘मग मी चढ लावून दमायचे का?’ हा त्यांचा पुढचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर मी समजत होतो तितके एकपदरी नाही. वेळ 40 मिनिटांचाच मिळणार असेल तर चढ लावावा, कारण त्या वेळात एकूण खर्च वाढवण्याचा तोच मार्ग आहे. पण वेळेची टंचाई नसेल, तर त्याच 303 कॅलरी सपाट पट्ट्यावर 66 मिनिटे चालूनही खर्च होतात, आणि मग चरबी जळते 20 ग्रॅम, चढावरच्या 13 पेक्षा बरीच जास्त. म्हणजे एकूण खर्च सारखा ठेवला की हिरवा पट्टा पुन्हा जिंकतो. मी पान उलटे केल्यासारखे अण्णांना वाटले असावे. ते म्हणाले, ‘सर, तुम्ही वकील व्हायला हवे होते.’

पण हा विजय दिवस संपेपर्यंत टिकत नाही. कोलोरॅडोतील एडवर्ड मेलनसन यांच्या गटाने 2002 मध्ये माणसांना चोवीस तास कॅलरीमीटरच्या बंद खोलीत ठेवून नेमके हेच पाहिले. व्यायामाचा खर्च 400 कॅलरीच ठेवला. तो एकदा कमाल क्षमतेच्या 40 टक्क्यांवर आणि एकदा 70 टक्क्यांवर करायला लावला. व्यायाम चालू असताना मिश्रण वेगळे होते. पण चोवीस तासांची चरबी मोजली तेव्हा दोन्ही दिवसांत फरक उरला नाही. जोराच्या दिवशी स्नायूतली साखर जास्त संपते, म्हणून नंतर खाल्लेल्या भाकरी-भातातली साखर तो साठा भरण्याकडे वळते आणि उरलेल्या वेळात शरीर चरबीवर भागवते. संथ दिवशी याच्या उलट घडते. ट्रेडमिलवर कोणते इंधन जळाले, याची नोंद रात्रीपर्यंत पुसली जाते. मागे राहते ती खाल्लेल्या आणि खर्चलेल्या ऊर्जेतली तफावत, आणि चरबीचा साठा त्या तफावतीने कमी-जास्त होतो.

तफावत तरी केवढी? अण्णांनी 4 ऐवजी पुन्हा 5 चा वेग धरला, चढ लावला आणि जादा चटणी पूर्वीइतकीच राहिली, असे समजू. 103 ऐवजी 249. रोजचा फरक 146. महिन्याच्या 26 दिवसांत 3,800 कॅलरी. शरीरातल्या एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात, तेव्हा महिन्याला फार तर अर्धा किलो. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण भूक वाढते आणि वजन उतरले की तेच चालणे स्वस्त पडते. हा आकडा अण्णांना लहान वाटला. मला तो साडेतीन महिन्यांच्या शून्यापेक्षा मोठा वाटतो, पण त्यांना तसे पटवण्याच्या भानगडीत मी पडलो नाही.

धावण्याचाही प्रयोग त्यांनी परस्पर केला. ताशी 8 किलोमीटरला मिनिटाला 2.4 लिटर ऑक्सिजन लागतो. बैठ्या कामाच्या 54 वर्षांच्या माणसाची ती जवळपास कमाल मर्यादाच. तीन मिनिटांत त्यांनी दांडा पकडला. खर्चाचा दर कितीही मोठा असला तरी तो तीन मिनिटांनीच गुणायचा असेल तर 40 कॅलरीही भरत नाहीत. त्यानंतर त्यांचे गाडे 3 टक्के चढ आणि 5 चा वेग यावर स्थिरावले आहे, आणि रविवारी संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही दोघे सिद्धेश्वर तलावाच्या काठाने तासभर चालतो, कुठल्याही पट्ट्याशिवाय.

मागच्या रविवारी मी माझी जुनी आकृती कागदावर काढून नेली होती. टक्क्यांची उतरती रेघ होतीच. तिच्याखाली त्याच आडव्या अक्षावर दुसरी आकृती काढली, उभ्या अक्षावर ‘ग्रॅम, दर मिनिटाला’ असे लिहून, आणि तिथली चरबीची रेघ टेकडीसारखी चढून उतरत होती. तिसरी, एकूण खर्चाची, सरळ वर जाणारी. अण्णांनी कागद उजेडाकडे धरला आणि टेकडीवर बोट ठेवून विचारले, ‘यात मी कुठे उभा आहे?’ पिशवी लावल्याशिवाय ते सांगता येणार नाही, असे मी म्हणालो. ती पिशवी अजून कॉलेजात आहे का, असे त्यांनी विचारले. पिशवी आहे, तिचे रबर मात्र मी निवृत्त व्हायच्या आधीच तडकले होते. त्यांनी कागदाची चौघडी केली आणि ती खिशातल्या पावती पुस्तकात ठेवून दिली.